चाळीस टक्के आच

भट्टीशेजारी भिंतीवर पत्र्याची पेटी आहे. तिच्या आत काडेपेटीहून थोडा मोठा काळा ठोकळा बसवलेला आहे आणि त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आहे. सेकंदाहून जरा कमी वेळ पेटतो, सेकंदाहून जरा जास्त वेळ विझतो, पुन्हा पेटतो. आवाज कसलाच नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कुठेतरी वायर सैल झाली आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी भट्टीत मातीची भांडी बरोबर १००० अंश सेल्सिअसला शेकत असतात, आणि ती तशीच शेकत राहावीत म्हणून तो दिवा लुकलुकत असतो.

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला आच कमी करायची असली, तर ती लाकूड जरा मागे ओढते. गॅसला गुंडी असते. विजेच्या भट्टीतल्या कॉइलला यातले काहीच नाही. २३० व्होल्टवर चालणारी ३ किलोवॅटची कॉइल साधारण १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेते. स्विच चालू असेल तर पूर्ण ३ किलोवॅट, बंद असेल तर शून्य. मधले काही हवे असेल तर पूर्वी व्होल्टेजच कमी करावे लागे. प्रयोगशाळांमधून ज्याला सगळे डिमरस्टॅट म्हणतात ते गोल, वजनदार यंत्र तेच काम करते, पण ३ किलोवॅटसाठी ते अवजडही होते आणि महागही.

दुसरा रस्ता आहे तो वेळेचा. कॉइलला अर्धी वीज देता येत नसेल, तर पूर्ण वीज अर्धाच वेळ द्यावी. दोन सेकंदांचा एक डाव धरायचा. त्यात ०.८ सेकंद कॉइल चालू आणि १.२ सेकंद बंद ठेवली की सरासरी ४० टक्के, म्हणजे १.२ किलोवॅट. असे डाव रात्रभर चालू ठेवायचे. याला टाइम-प्रपोर्शनल, म्हणजे वेळेच्या प्रमाणातले नियंत्रण म्हणतात. कल्पना नवी नाही. जुन्या हॉटप्लेटवर ‘कमी-मध्यम-जास्त’ असे आकडे असलेले जे बटण असते, त्यातला सिमरस्टॅट हेच करतो. फक्त त्याची चालू-बंद आत वाकणारी द्विधातूची पट्टी ठरवते, आणि भट्टी किती तापली आहे हे तिला ठाऊक नसते.

इस्त्रीचा थर्मोस्टॅट मात्र वेगळा. तो तापमान पाहतो. तळ तापला की टिक् करून वीज तोडतो, निवला की जोडतो. इस्त्रीला एवढे पुरते. मग भट्टीला का पुरत नाही?

कारण भट्टीला सगळेच उशिरा कळते. हलक्या उष्णतारोधक विटांनी बांधलेली, सुमारे चाळीस लिटरची ३ किलोवॅटची एक छोटी भट्टी डोळ्यांसमोर आणू. तापमान मोजणारे थर्मोकपल चिनी मातीच्या नळीत असते, त्यामुळे आतले खरे तापमान त्याच्यापर्यंत पोचायला समजा दोन मिनिटे लागतात. भट्टी मिनिटाला पाच अंशांनी चढते आहे. थर्मोकपल १००० म्हणते तेव्हा आत १०१० झालेले असतात. त्या क्षणी वीज तोडली तरी कॉइल भट्टीच्या पोकळीपेक्षा बरीच जास्त तापलेली असते. तिच्यातली ती जादा उष्णता आणखी काही वेळ भांड्यांकडे जात राहते. मग उतरण सुरू होते, आणि उतरतानाही तोच उशीर होतो. इस्त्रीसारख्या टिक्-टिक् नियंत्रणावर ही भट्टी १००० च्या वर-खाली झोके घेत राहते.

दहा-पंधरा अंशांनी काय बिघडते, असे साध्या कुंडीबाबत विचारता येईल. झिलई दिलेल्या भांड्याबाबत नाही. झिलई वितळून काचेसारखी पसरते, आणि ती जास्त तापली किंवा फार वेळ तापत राहिली तर ओघळून खालच्या फळीला चिकटते. वाटेत ५७३ अंशांवर मातीतले क्वार्ट्झ आपली रचना बदलते आणि त्याचे आकारमान एकदम वाढते. थंड होताना तेच उलट घडते. या टप्प्यातून जाड भांडे घाईने गेले तर तडकते. म्हणून भट्टीला नुसते कुठे पोचायचे हे सांगून भागत नाही, कोणत्या वेगाने जायचे हेही सांगावे लागते. वेग सांभाळायचा म्हणजे आच मोजून द्यायची.

किती टक्के आच द्यायची हे कंट्रोलर ठरवतो. ठरलेल्या तापमानापासून भट्टी किती दूर आहे, किती वेळ दूर राहिली आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे, या तीन गोष्टींवरून तो एक टक्केवारी काढतो. पीआयडी म्हणतात ते हेच. ते गणित कसे बसवायचे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच धरू, की आपली भट्टी १००० अंशांवर स्थिर ठेवायला कंट्रोलरने ४० टक्के मागितले आहेत. आता प्रश्न उरतो तो हे ४० टक्के कॉइलपर्यंत कसे पोचवायचे याचा. आणि इथेच डाव किती सेकंदांचा असावा, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा ठरतो.

पहिल्यांदा वाटेल, डाव जितका छोटा तितके तापमान स्थिर. हिशेब करून पाहू. ०.८ सेकंद पूर्ण वीज मिळाल्यावर मिनिटाला पाच अंशांनी चढणारी भट्टी किती चढेल? अंशाच्या पंधराव्या हिश्शाइतकी. आता डाव ३० सेकंदांचा करू: १२ सेकंद चालू, १८ बंद. तेव्हा ती एक अंश चढेल. एक अंश! थर्मोकपलच्या स्वतःच्या चुकीपेक्षाही हा कमी. म्हणजे भट्टीच्या पोकळीला आणि आतल्या भांड्यांना दोन सेकंदांचा डाव आणि तीस सेकंदांचा डाव यातला फरक जाणवतसुद्धा नाही.

जाणवतो तो कॉइलला.

अशा भट्टीत लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची तार वापरतात. कान्थल हे तिचे सर्वांत ओळखीचे व्यापारी नाव. १.६ मिलिमीटर जाडीची तार घेतली तर ३ किलोवॅटसाठी ती साधारण २४ मीटर लागते आणि तिचे वजन भरते किलोच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. विटांचे आणि भांड्यांचे वजन कितीतरी किलोंमध्ये, कॉइलचे जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. त्यामुळे वीज आली की कॉइल सेकंदाला सुमारे सात अंशांच्या वेगाने तापू लागते आणि वीज गेली की तितक्याच उतावीळपणे निवते. दोन सेकंदांच्या डावात तिचे तापमान पाच-सहा अंशच हलते. तीस सेकंदांच्या डावात ते पन्नास अंशांच्या आसपास वर-खाली होते. बाहेरच्या आकड्यावर यातले काहीही दिसत नाही. तिथे शांतपणे १००० उभे असते.

या मिश्रधातूची तार टिकते ती तिच्या अंगावरच्या करड्या सालीमुळे. तापल्यावर तारेतले ॲल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळते आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो आतल्या धातूला राखतो. पण ही साल आणि खालचा धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. दर अर्ध्या मिनिटाला पन्नास अंशांचा हिसका बसत राहिला की सालीला बारीक तडे जातात, तिचे पोपडे सुटतात, आणि नवी साल धरायला आतले आणखी ॲल्युमिनियम खर्च होते. दहा तासांच्या एका भाजणीत तीस सेकंदांचे डाव १२०० होतात. कॉइल अमुक भाजण्यांनंतर तुटते आणि माणूस तारेला दोष देतो. दोष पुष्कळदा डावाच्या लांबीचा असतो.

मग तीस सेकंदांचा डाव कोणी ठेवतच का होते? कारण मध्ये काँटॅक्टर होता. काँटॅक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा दणकट स्विच; भट्टीशेजारी रात्रभर खट्-खट् ऐकू येते ती त्याची. त्याचे संपर्कबिंदू दर वेळी जुळताना आणि सुटताना थोडे जळतात, म्हणून त्याचे आयुष्य मोजून असते. समजा ते पाच लाख खटक्यांचे आहे आणि प्रत्येक डावाचा एक खटका धरला. वीस सेकंदांच्या डावाने दहा तासांच्या भाजणीत १८०० खटके होतात. काँटॅक्टर पावणेतीनशेच्या वर भाजण्या काढेल. तोच डाव कोणी दोन सेकंदांचा केला तर भाजणीमागे १८,००० खटके, आणि अठ्ठाविसाव्या भाजणीच्या आत काँटॅक्टरचे काम तमाम. त्यामुळे काँटॅक्टरवर डाव लांब ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. काँटॅक्टर वाचवायचा तर कॉइल मरते, कॉइल वाचवायची तर काँटॅक्टर.

तो काळा ठोकळा हा पेच सोडवतो. त्याचे नाव सॉलिड स्टेट रिले, बोलताना एसएसआर. त्यात हलणारा एकही भाग नाही. एका बाजूला कंट्रोलरकडून आलेले काही व्होल्ट डीसी आत एक चिमुकला प्रकाशदिवा पेटवतात. त्या प्रकाशाने दुसऱ्या बाजूचे अर्धवाहक स्विच, म्हणजे एकमेकांना उलटे जोडलेले दोन थायरिस्टर, उघडतात. मधला दुवा फक्त प्रकाशाचा असल्याने नाजूक कंट्रोलर २३० व्होल्टपासून अलग राहतो. झिजायला काही नाही म्हणून डाव दोन सेकंदांचा काय, एक सेकंदाचा ठेवला तरी त्याची तक्रार नसते.

भट्टीसाठी घेतात तो एसएसआर झिरो-क्रॉसिंग जातीचा. आपली घरगुती वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलून परत येते, आणि तसे करताना तिचे व्होल्टेज शंभर वेळा शून्यातून जाते. कंट्रोलरचा हुकूम कधीही येवो, हा रिले पुढचे शून्य येईपर्यंत थांबतो आणि मगच चालू होतो. हुकूम मागे घेतला तरी विद्युतप्रवाह शून्यावर येईपर्यंत तो सुरू राहतो. म्हणून ना ठिणगी, ना शेजारच्या रेडिओत खरखर. दोन सेकंदांच्या डावात अशा शंभर पूर्ण लहरी येतात. ४० टक्के म्हणजे त्यातल्या चाळीस आत जाऊ द्यायच्या आणि साठ अडवायच्या. तिकीट तपासणारा जसा दारात उभा राहून मोजून माणसे सोडतो, तसे.

मग डाव आणखी छोटा का करू नये? पाच लहरींचा केला, दोन आत आणि तीन बाहेर? कॉइलला तर ते अधिकच मानवेल. पण घरातल्या बाकीच्या दिव्यांचे काय? कॉइलने १३ अँपिअर ओढले की मीटरपासून आलेल्या लांब, बारीक वायरवर काही व्होल्ट पडतात आणि त्याच फेजवरचे दिवे किंचित मंद होतात. डाव पाच लहरींचा असेल तर हे सेकंदाला दहा वेळा घडेल, आणि माणसाच्या डोळ्याला सर्वांत जास्त खुपणारी लुकलुक सेकंदाला आठ-नऊ वेळांच्या आसपासची असते. दोन सेकंदांचा डाव ही म्हणूनच एक तडजोड आहे: कॉइलला पुरेसा जलद, डोळ्याला सोसवेल इतका संथ. शेजाऱ्यांच्या तक्रारी तरीही येत असतील तर डावाशी खेळत बसण्यापेक्षा भट्टीसाठी मीटरपासून वेगळी जाड लाइन ओढून घेणे शहाणपणाचे.

एसएसआर झिजत नाही हे खरे, पण तो तापतो, आणि बहुतेक एसएसआर मरतात ते याच कारणाने. काँटॅक्टरचे धातूचे संपर्क जुळले की त्यांच्यात व्होल्टेज जवळजवळ पडत नाही. अर्धवाहकात मात्र एक ते दीड व्होल्ट पडतोच. १३ अँपिअर गुणिले दीड व्होल्ट, म्हणजे सुमारे २० वॅट. भट्टी पूर्ण आचेवर चढत असताना तळहाताहून लहान अशा त्या ठोकळ्यात एका छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता तयार होत असते. ती बाहेर नेण्यासाठी त्याखाली ॲल्युमिनियमच्या पंखांची हीट सिंक लागते, आणि दोहोंमध्ये थर्मल पेस्टचा पातळ लेप. ठोकळ्यावर ‘४० अँपिअर’ छापलेले असते ते मोठी हीट सिंक आणि गार हवा गृहीत धरून. हीट सिंकच नसेल तर तोच ठोकळा मोजके काही अँपिअरच पेलतो. वैशाखात, पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीच्या पाठीला चिकटवलेल्या बंद पेटीत त्याची काय अवस्था होईल हे सांगायला नको. पेटी भट्टीपासून हातभर दूर, वर-खाली जाळी आणि हीट सिंकचे पंख उभे, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. १३ अँपिअरच्या कामाला ४० अँपिअरचा ठोकळा घेण्यामागे हेच कारण आहे. ती उधळपट्टी नव्हे.

स्क्रू दर काही महिन्यांनी घट्ट करावेत, हेही इथेच सांगितलेले बरे. टर्मिनलजवळ वायरचे आवरण तपकिरी झालेले दिसले तर दोष बहुधा एसएसआरचा नसून सैल स्क्रूचा असतो.

वेळेच्या वाटपाला एक मर्यादा आहे, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. डाव कितीही हुशारीने वाटला तरी १०० टक्क्यांच्या वर काही नसते. आणि ते १०० टक्के म्हणजे नेमके किती, हे विजेच्या लाइनवर अवलंबून असते. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून २०७ वर उतरले, म्हणजे दहा टक्के कमी झाले, की ३ किलोवॅटची कॉइल २.४३ किलोवॅटची होते; जवळजवळ एकोणीस टक्के शक्ती गळते. आपली भट्टी १००० अंशांवर ४० टक्क्यांत भागवत होती. कंट्रोलर आता ४९ टक्के देईल आणि आकडा ढळणार नाही. पण तीच भट्टी १२२० अंशांच्या झिलईच्या भाजणीला लावली आणि तिथे पूर्ण व्होल्टेजवरच ९० टक्के लागत असतील, तर २०७ व्होल्टवर १११ टक्के लागतील. ते कोठून आणणार? कंट्रोलरवर आउटपुट १०० दिसत राहते, लाल दिवा लुकलुकणे सोडून सलग पेटलेला राहतो आणि भट्टी ११९० वर अडून बसते. कॉइल जुनी झाली की तिचा रोध वाढतो आणि अगदी हीच लक्षणे दिसतात. निदान सोपे आहे: दिवा सलग पेटलेला असताना क्लॅम्प मीटरने अँपिअर आणि मल्टिमीटरने व्होल्ट पाहावेत. व्होल्ट कमी असतील तर लाइन दोषी, व्होल्ट ठीक आणि अँपिअर कमी असतील तर कॉइल. पीआयडीचे आकडे बदलत बसण्याची ही जागाच नव्हे.

एसएसआरचा खरा धोका वेगळाच आहे. दिवाणखान्यातला बल्ब मेला की अंधार होतो. एसएसआर मेला की बहुधा उजेड होतो. अतिउष्णतेने किंवा शॉर्टसर्किटने त्यातला अर्धवाहक जळतो तेव्हा तो बहुतेक वेळा जुळलेल्याच अवस्थेत अडकतो. कंट्रोलर शून्य टक्के म्हणतो आहे, लाल दिवा विझलेला आहे, आणि कॉइल पूर्ण ३ किलोवॅटवर धगधगते आहे. मानवी देखरेख नसेल तर भट्टी वितळेपर्यंत तापते. आधी भांडी, मग फळ्या, मग कॉइल. ओळखण्याची खूण एकच: आउटपुट शून्य आणि तापमान चढते. क्लॅम्प मीटर वायरभोवती लावला की १३ अँपिअर दिसतात आणि शंका उरत नाही. नुसत्या मल्टिमीटरने तपासू गेले तर मात्र फसगत होऊ शकते, कारण चांगल्या, बंद असलेल्या एसएसआरमधूनही काही मिलिअँपिअर गळत असतात. कॉइल सुटी करून व्होल्ट मोजले तर जवळजवळ पूर्ण २३० दिसतात आणि निरोगी ठोकळा कचऱ्यात जातो. जुन्या वायरमनकडे यावर उत्तम उपाय आहे: कॉइलच्या जागी एक साधा साठ वॅटचा बल्ब लावायचा. बंद असताना बल्ब विझलेला राहिला, हुकमाला पेटला, तर रिले ठणठणीत.

तीच गळती आणखी एक गोष्ट सांगते. एसएसआर बंद म्हणजे वीज तोडलेली नव्हे. शिवाय तो एकाच वायरमध्ये असतो. चुकून न्यूट्रलमध्ये जोडला गेला असेल तर कॉइल कायमच जिवंत राहते. भट्टीचे दार उघडून आत लोखंडी चिमटा घालण्याआधी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल-पोल स्विच पाडलाच पाहिजे.

थर्मोकपलही फसवू शकते. त्याची तार तुटली तर बहुतेक कंट्रोलर ते ओळखतात आणि आच बंद करतात. पण थर्मोकपल भट्टीच्या भोकातून बाहेर घसरले, तर ते प्रामाणिकपणे खोलीचे तापमान सांगत राहते आणि कंट्रोलर तितक्याच प्रामाणिकपणे १०० टक्के देत राहतो.

या दोन्ही अपघातांवर इलाज एकच आहे, आणि त्यासाठी जुना काँटॅक्टर भंगारात न देणे चांगले. त्याला एसएसआरच्या आधी, विजेच्या वाटेवर बसवतात. त्याची दोरी पीआयडी कंट्रोलरच्या हातात नसते. दुसरे, स्वतंत्र थर्मोकपल आणि साधा मर्यादा-कंट्रोलर ती धरून असतात. १२२० ची भाजणी असेल तर मर्यादा साधारण १२५० वर लावायची. तिथे पोचले की काँटॅक्टर सुटतो आणि माणसाने येऊन बटण दाबल्याशिवाय परत जुळत नाही. भट्टीच्या दाराचा स्विचही त्याच्याच वाटेत घालतात. ज्या काँटॅक्टरला एका भाजणीत १८०० वेळा खटकावे लागे, त्याला आता दोनदाच खटकायचे असते: संध्याकाळी भट्टी लावताना एकदा, आणि पहाटे ती निवायला सोडताना एकदा.